तुमच्यात कसं असतं?

मराठीत एखाद्याची जात किंवा धर्म न विचारता विचारायचा सगळ्यात सभ्य मार्ग म्हणजे ‘तुमच्यात’ हा शब्द. ‘तुमच्यात हळद आदल्या दिवशी लावतात का?’ ‘तुमच्यात मुलीकडचेच लग्न करून देतात ना?’ ‘तुमच्यात चालतं ना सगळं?’ शेवटच्या प्रश्नातलं ‘सगळं’ म्हणजे मटण, हे कुणाला सांगावं लागत नाही. मी मंगळवेढ्याची. आमच्याकडे पंढरपूरच्या एसटीत शेजारी बसलेली मावशी आधी गाव विचारते, मग आडनाव, मग ‘कुणापैकी?’ आणि उत्तर मिळालं की समाधानाने ‘म्हणजे तुमच्यात…’ अशी पुढच्या गप्पांना सुरुवात करते. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. आपल्याला कुठल्या कप्प्यात ठेवायचं ते तिला कळलेलं असतं, आणि मग ती निवांत बोलू शकते.

गेली सहा वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. इथे ‘कुणापैकी?’ असं कुणी तोंडावर विचारत नाही. पण ‘तुमच्यात’ इथेही आहे. आणि माझ्या पाहण्यात तो शब्द सगळ्यात जास्त तेव्हा येतो, जेव्हा वेगवेगळ्या समाजांतली दोन माणसं एकमेकांना आवडायला लागलेली असतात. कारण सोपं आहे. अशा दोघांना बोलायला एक आयता विषय मिळालेला असतो. रमजान कधी सुरू होतो, लेंट म्हणजे काय, गळ्यातलं हे काय आहे, तुमच्या लग्नात एवढे दिवस काय करतात. यातलं प्रत्येक वाक्य चौकशीही असू शकतं आणि जवळीकही. मला पडलेला प्रश्न एवढाच आहे, की आवडलेल्या माणसाला त्याच्या रीतीभातींबद्दल विचारणं कधी आदराचं असतं, आणि कधी ती एसटीतल्या मावशीची चौकशी फक्त परफ्यूम लावून आलेली असते?

आधी फ्लर्टिंग म्हणजे मी काय समजते ते सांगते, कारण त्याला मराठीत धड शब्द नाही. ‘लाइन मारणे’ यात एकजण मारतो आणि दुसऱ्यावर ती मारली जाते. ‘छेड काढणे’ हा तर सरळ त्रास आहे. मला जे म्हणायचंय ते दोघांनी मिळून करायचं असतं. त्यात प्रत्येक वाक्याला दोन अर्थ असतात आणि त्यातला एक अगदी साधा असतो. ‘ईदला घरी जाणार आहेस का?’ याचा साधा अर्थ रजेची चौकशी. दुसरा अर्थ असा, की तू चार दिवस दिसणार नाहीस हे माझ्या लक्षात येणार आहे. समोरच्याला दुसरा अर्थ नको असेल तर तो पहिल्याचं उत्तर देतो, ‘हो, गुरुवारी निघतोय,’ आणि विषय तिथेच संपतो. कुणाचा अपमान झाला नाही, कुणाला ‘नाही’ म्हणावं लागलं नाही, उद्या स्टँडअपला दोघंही एकमेकांच्या नजरेला नजर देऊ शकतात. हा संदिग्धपणा भित्रेपणाचा नसतो. समोरच्यासाठी मुद्दाम उघडा ठेवलेला तो दरवाजा असतो.

रीतीभातीबद्दलचा प्रश्न या कामाला फार सोयीचा, कारण त्याला भक्कम साधा अर्थ असतो. पण नेमकी इथेच शंका येते. मला जर त्याच्याशी बोलायचंय म्हणून मी रोज्याबद्दल विचारत असेन, तर रोजा हे नुसतं निमित्त झालं. एखाद्याच्या घरातली मनापासून जपलेली गोष्ट मी गप्पांचं तिकीट म्हणून वापरली. यावर मी स्वतःपुरती एक कसोटी लावते. समजा, आत्ता या क्षणी मला कळलं की या माणसाला माझ्यात रस नाही, तर त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐकायची माझी इच्छा उरेल का? उरत असेल तर प्रश्न खरा होता, मग त्यात गोडवा मिसळलेला असला तरी काही बिघडत नाही. उरत नसेल तर तो प्रश्न नव्हता.

ही कसोटी मला उत्तर देणाऱ्याच्या जागेवरून सुचली. आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यात इष्टलिंग असतं. चांदीची छोटी डबी, तिच्यात लिंग आणि वरून काळं, गुळगुळीत, टणक आवरण. लहानपणी जंगम येऊन ते देतात, मुलाला आणि मुलीला सारखंच. पूजा करताना ते डाव्या तळहातावर ठेवायचं, विभूती लावायची आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसायचं. देवळात जायची गरज नाही, देव सोबतच असतो. मासिक पाळीच्या दिवसांतही ते उतरवायचं नसतं, कारण बसवण्णांच्या विचारात तो विटाळ मानलेलाच नाही. ज्याचं लिंग त्याचंच असतं. ते दुसऱ्याच्या हातात देत नाहीत, आणि माणूस गेला की त्याच्यासोबत जमिनीत जातं. माझ्या पिढीतल्या अनेकींनी ते देवघरात ठेवून दिलंय. मी घालते, कारण आज्जीला सकाळी तळहाताकडे बघत बसलेली पाहत मी वाढले आणि मला तशी शांतता दुसऱ्या कशात मिळत नाही.

या डबीवरून मला तीन मुलांनी तीन प्रश्न विचारलेत. तिघांनाही मी आवडत होते, हे मला कळत होतं. पहिल्याने पहिल्याच कॉफीला विचारलं, ‘तुमच्यात मेल्यावर बसवून पुरतात ना?’ माहिती बरोबर होती. पण ती त्याला आधीच होती, त्याला फक्त माझ्याकडून शिक्का मारून हवा होता. मी ‘हो’ म्हटल्यावर तो ‘इंटरेस्टिंग!’ म्हणाला आणि दुसऱ्या विषयाकडे वळला. माझी आज्जी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तिला कसं बसवलं होतं हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं, आणि त्याला ते सांगायला जागाच नव्हती. दुसऱ्याने ‘दाखव ना, काय आहे त्यात?’ म्हणत थेट हात पुढे केला. मी मागे सरकले. त्याचा हेतू वाईट नव्हता असं मी आजही म्हणेन, पण गळ्यातल्या कुठल्याही वस्तूकडे न विचारता हात नेणं म्हणजे फक्त माझ्या शरीराजवळ येणं नाही. त्या वस्तूला कुणी हात लावायचा हे कुठेतरी ठरलेलं असेल, एवढी शक्यताच त्याच्या डोक्यात आली नाही.

तिसरा सोलापूरचा मुसलमान मुलगा होता. आमच्याच मजल्यावर दुसऱ्या टीममध्ये. घरी दखनी बोलणारा, आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठी. त्याने विचारलं, ‘जिमला जाताना हे काढून ठेवावं लागतं का गं?’ मला हसू आलं, कारण ही माझी रोजची खरी अडचण होती. मी सांगितलं, की काढत नाही, टी-शर्टच्या आत टाकते, आणि ट्रेडमिलवर ते हाडावर टकटक आपटतं. मग त्याने विचारलं, ‘मग दोरी बदलत का नाहीस?’ दोरीवरून आम्ही आज्जीवर आलो, आज्जीवरून तिच्या जाण्यावर. पहिल्या मुलाने जी माहिती अर्ध्या मिनिटात काढून घेतली होती, ती याला तासाभराने मिळाली, आणि मी ती स्वतःहून दिली.

फरक कुठे पडला? पहिला प्रश्न ‘तुमच्यात’ने सुरू झाला होता. त्यात मी लिंगायतांची प्रतिनिधी होते आणि मला बरोबर उत्तर देणं भाग होतं. तिसऱ्या प्रश्नात मी फक्त मी होते. त्याचं उत्तर चुकूच शकत नव्हतं, कारण ते माझ्या दिवसाबद्दल होतं, आणि किती सांगायचं हे माझ्या हातात होतं. ‘काढत नाही’ एवढ्यावरही मी थांबू शकले असते. वर म्हटलेला उघडा दरवाजा तो हाच.

‘तुमच्यात’ची दुसरी अडचण अशी, की तो बऱ्याचदा चुकीचाही असतो. एकदा चहाच्या टपरीवर आमच्यातल्या कुणीतरी याला विचारलं, ‘मोहरमला तुमच्यात ते पंजे घेऊन नाचतात ना?’ तो म्हणाला, ‘आमच्या घरी नाही मानत.’ विचारणारा गोंधळला. सगळ्या टेबलावर मोहरमबद्दल भरभरून सांगू शकेल असं माणूस निघालं ते म्हणजे मी. आमच्या भागात कितीतरी गावांत मोहरमला पीर बसतात, आणि सवारी धरणारे हात, नवस बोलणारे, फेडणारे हिंदूही असतात. माझ्या आजोळी तर माझे आजोबा गूळ-पोळीचा मलिदा घेऊन पिराला जायचे आणि परत येऊन इष्टलिंगाची पूजा करायचे. त्यांना त्यात काही जुळवून घ्यावं लागत नव्हतं. याच्या घरी मात्र पंजे, नवस वगैरे धर्मात बसत नाही असं मानतात. म्हणजे ज्याला ‘मुसलमानांची रीत’ म्हणून विचारलं गेलं, ती त्या टपरीवर त्या मुसलमानापेक्षा एका लिंगायत मुलीच्या घरची जास्त होती.

त्या दिवसानंतर तो मला मोहरमबद्दल विचारायचा. मलिद्यात तूप किती, पीर बसलेल्या खोलीत वास कसला येतो, आजोबा तिथे काय म्हणायचे. आणि मी त्याला विचारायचे, की ज्या गोष्टी घरात चालत नाहीत त्या शेजारी होताना लहानपणी बघायला मिळायच्या का, तेव्हा काय वाटायचं. उत्तरं ‘मुसलमान काय करतात’ या प्रश्नाला कधी मिळाली नसती अशी होती. माणूस आपल्या धर्माच्या नेमका मधोमध उभा असतो असं आपण धरून चालतो. बहुतेक माणसं कडेला कुठेतरी उभी असतात. काही पाळतात, काही सोडलेलं असतं, काही पाळतात पण का ते माहीत नसतं. ‘तुमच्या घरी’ किंवा ‘तू’ असं विचारलं की त्याला आपली खरी जागा सांगता येते, आणि ‘मला नाही माहीत’ म्हणायचीही मुभा मिळते. कुतूहलात आदर आहे का हे ओळखायची ही चांगली खूण आहे. समोरचा ‘माहीत नाही’ म्हणाला तर तुमचा विरस होतो की तुम्हाला हायसं वाटतं?

आता जरा अवघड गोष्ट. कुतूहल एकाच बाजूने वाहत राहिलं की ते कितीही गोड असलं तरी प्राणिसंग्रहालयासारखं होतं. आमच्या कामात ‘डिफॉल्ट’ म्हणतात तसं असतं. जी सेटिंग मी कधी बदललेलीच नाही, ती सेटिंग आहे हेच मला दिसत नाही. माझ्या रीती म्हणजे साधं जगणं, आणि दुसऱ्याच्या त्या ‘प्रथा’. हे किती खोल असतं ते एका गप्पेत कळलं. त्याने सांगितलं, की शाळेत असल्यापासून त्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘तुमच्यात बहिणीशी लग्न करतात ना?’ चुलत, मावस भावंडांची लग्नं त्यांच्यात होऊ शकतात, यावरून हा प्रश्न. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर किळस असते आणि ओठांवर ‘सहज विचारलं’.

मी त्याला म्हटलं, ‘माझ्या एका आत्याचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालंय.’

तो दोन सेकंद गप्प बसला. मग म्हणाला, ‘सख्ख्या? म्हणजे आईच्या भावाशी?’ मी म्हटलं हो. इस्लाममध्ये मामाशी लग्न साफ निषिद्ध आहे, त्याच्यासाठी ते ऐकणंही अंगावर काटा आणणारं होतं. आणि आमच्याकडे, म्हणजे कर्नाटकाच्या सीमेलगतच्या या पट्ट्यात, मामाची मुलगी करणं तर अनेक समाजांत सर्रास आहे, आणि काही घरांत मामा-भाचीचं लग्नही होत आलंय. उलट चुलत भावाशी लग्न म्हणजे आमच्याकडे महापाप. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही मामा-भाची आणि मामे-आते भावंडं निषिद्ध नात्यांमध्ये येतात, पण तसा रिवाज असेल तर त्यांना मोकळीक आहे. थोडक्यात, माझ्या घरचं चालणारं त्याच्या घरी निषिद्ध, त्याच्या घरचं चालणारं माझ्या घरी निषिद्ध, आणि दोन्हीकडच्यांना आपलंच नैसर्गिक वाटतं.

त्या संध्याकाळी आम्ही खूप हसलो. तो म्हणाला, ‘म्हणजे मी तुला मामा म्हणवून घेतलं तर स्कोप वाढेल का कमी होईल?’ याहून चांगलं फ्लर्टिंग माझ्याशी कुणी केलेलं नाही. पण तो विनोद शक्य झाला तो आधी दोघांनीही आपापल्या घरातली एक लाजवणारी गोष्ट टेबलावर ठेवली म्हणून. त्याच्यावर तो प्रश्न वर्षानुवर्षं एकतर्फी येत होता. मी माझं उत्तर आधी दिलं आणि मग त्याच्या उत्तराला किळसेचा वास उरला नाही. दुसऱ्याच्या रीतीबद्दल विचारायचं असेल तर तितक्याच नाजूक जागेवरची आपली रीत सांगायची तयारी हवी. शक्यतो विचारण्याआधीच.

याचा अर्थ सगळं गोड मानून घ्यायचं असाही नाही. एकदा तो सरळ म्हणाला होता, ‘तळहातावर देव ही गोष्ट मला पटत नाही, पण तू तशी बसलेली असताना कशी दिसत असशील ते मला बघायला आवडेल.’ पहिल्या अर्ध्या वाक्याचा मला राग आला नाही. न पटलेली गोष्ट ‘वॉव, ब्युटिफुल’ म्हणून साजरी करणारा माणूस उद्या दुसऱ्या कुणाच्या वेगळ्या गोष्टीलाही तेच म्हणणार असतो. न पटणं सांगून पुढे उत्सुक राहणारा माणूस निदान तिथे खरा हजर असतो.

आणि यातूनच मला सगळ्यात जास्त सावध करणारी गोष्ट दिसते. तिच्यासाठी आमच्याच गावापर्यंत आणि आठशे वर्षं मागे जावं लागेल. बाराव्या शतकात कलचुरी घराण्याचा बिज्जळ आधी मंगळवेढ्यातून राज्य करायचा. बसवण्णा त्याच्या दरबारी इथेच हिशेबनीस होते असं परंपरा सांगते. पुढे राजधानी कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेली, बसवण्णा तिथे राज्याचे भांडारी झाले, आणि त्यांच्याभोवती सगळ्या जातींचे शरण जमले. त्यात हरळय्या नावाचे चर्मकार होते आणि मधुवरस नावाचे ब्राह्मण. दोघांच्याही गळ्यात लिंग आलेलं. लिंग आल्यावर जात संपली, असं शरण म्हणत होते, तर मग लग्नाला अडचण काय? हरळय्यांच्या मुलाचं मधुवरसांच्या मुलीशी लग्न लागलं. बिज्जळाने दोन्ही बापांना क्रूरपणे ठार मारलं. कल्याण पेटलं, बिज्जळाचा खून झाला, शरण देशोधडीला लागले. साधारण 1167 च्या सुमाराची ही गोष्ट. गिरीश कर्नाडांनी ‘तलेदंड’ या नाटकात ती मांडली आहे.

आमच्या घरी ही गोष्ट अभिमानाने सांगतात, आणि ती अभिमानाची आहेच. (तीच माणसं आज लग्न जमवताना वाणी की जंगम की कोष्टी हेही विचारतात, ते सोडून देऊ.) पण मला त्यातली दुसरी एक जागा अस्वस्थ करते. दोन्ही बापांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. मुलाचं नाव शीलवंत सांगतात. मुलीचं कुठे लावण्या, कुठे कलावती. ते दोघं एकमेकांशी काय बोलले, एकमेकांना आवडत होते का, तिने त्याला चामड्याच्या कामाबद्दल काही विचारलं का, त्याने तिच्या घरच्या स्वयंपाकाबद्दल, हे लोकांच्या आठवणीत नाही. ते लग्न म्हणजे एका मोठ्या विचाराचा पुरावा होतं, आणि पुराव्याला कुणी आवड विचारत नाही.

आपण आज तेच लहान प्रमाणात करतो. ‘मी जात-धर्म मानत नाही’ हे स्वतःला आणि मित्रांना दाखवण्यासाठी दुसऱ्या समाजातला माणूस फार उपयोगी पडतो. असा माणूस तुमच्याशी बोलताना सारखा खूश असतो, तुमच्या प्रत्येक सणाच्या शुभेच्छा सगळ्यांच्या आधी स्टेटसला ठेवतो. ओळखायचं कसं? तो तुमच्याशी एकटा असताना कमी उत्सुक असतो आणि चारचौघांत जास्त. त्याचं कुतूहल प्रेक्षक बघून वाढतं.

प्रेक्षकांचा मुद्दा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. फ्लर्टिंगमधला तो उघडा दरवाजा बघणाऱ्यांमुळे बंद होतो. आमच्या टीममधल्यांनी एकदा आम्हा दोघांना बघून ‘सैराट’चं गाणं लावलं. त्यांच्या दृष्टीने ती मजा होती. पण त्या क्षणापासून आमच्या वाक्यांना दोन अर्थ उरले नाहीत, सगळ्यांसाठी एकच उरला. एकाच समाजातल्या दोघांना असं चिडवलं तर फार तर लाज वाटते. आमच्या बाबतीत हिशेब वेगळा होता, आणि दोघांचा सारखाही नव्हता. माझ्या घरी कळलं असतं तर मला पुण्याहून परत बोलावलं असतं, नोकरी गेली असती. त्याच्या बाबतीत एखादा फोटो चुकीच्या ग्रुपवर गेला असता तर गोष्ट घरापर्यंत थांबली नसती. हल्ली मुसलमान मुलगा आणि हिंदू मुलगी एका टेबलावर दिसली तरी त्याला एक तयार शब्द चिकटवला जातो, आणि त्यानंतर मुलाला काही सिद्ध करायची संधी मिळतेच असं नाही.

पुढचा रस्ताही असाच उजेडातला आहे. धर्म न बदलता लग्न करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा. त्यात विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लागते, आणि 30 दिवस कुणालाही कायद्यात सांगितलेल्या कारणांवरून हरकत घेता येते. पुण्यात राहणाऱ्याचं कायमचं घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या कार्यालयातही लागते. म्हणजे आमच्यासारख्यांची सोलापुरात. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्र शासनाने अशा जोडप्यांची माहिती घेण्यासाठी समितीही नेमली. आधीच्या आदेशात आंतरजातीय लग्नंही होती, ती काही दिवसांत वगळली गेली आणि आंतरधर्मीय उरली. मी इथे लग्नाचा सल्ला देत नाहीये. सांगायचंय ते एवढंच, की ज्याला पुढे जाऊन सगळं नोटीस बोर्डावर लावावं लागू शकतं, त्याच्या सुरुवातीच्या काळातला खाजगीपणा मौल्यवान असतो. आदर म्हणजे प्रश्न कसा विचारतो एवढंच नसतं. तो कुणासमोर विचारतो, कुठे लिहितो, फोटोत कुठे उभं राहतो, हेही त्यात येतं. त्याने मला टॅग करण्याआधी प्रत्येक वेळी विचारलं. मी त्याचं नाव फोनमध्ये काय सेव्ह करायचं ते त्याला विचारून ठरवलं. यातली कुठलीही गोष्ट रोमँटिक दिसत नाही, पण मला त्या गोष्टींमध्येच तो सगळ्यात जास्त आवडला.

यावर एक खरी हरकत येते आणि ती टाळता येत नाही. पुढे जायची हिंमत नसेल तर मग हे सगळं कशाला? हा टाइमपासच नाही का? माझं म्हणणं असं, की प्रत्येक गोड संवाद लग्नापर्यंत गेला पाहिजे अशी अट घातली तर आपण परत एसटीतल्या मावशीकडे पोहोचतो, कारण मग पहिल्या वाक्याआधी आडनाव विचारावं लागेल. पण एक रेघ मला मान्य आहे. समोरचा माणूस आपल्यासाठी काही हलवायला लागण्याआधी आपली मर्यादा सांगितली पाहिजे. बदली नाकारणं, घरी आलेलं स्थळ टाळणं, आईशी बोलायची तयारी करणं, यातलं काहीही त्याने अर्धवट माहितीवर करू नये. संदिग्धपणा दोघांच्या सोयीसाठी असतो तोवरच तो चांगला. एकाच्या सोयीसाठी उरला की ती फसवणूक.

त्याला बंगळूरची ऑफर आली तेव्हा ती रेघ आली. आम्ही दोघं हिंजवडीत रस्त्याच्या कडेला उभे होतो. मी म्हटलं, ‘माझ्यासाठी थांबू नकोस. मी घरी बोलेन असं मला आत्ता तरी वाटत नाही.’ तो म्हणाला, ‘मलाही अम्मीला सांगता येईल असं वाटत नाही. तू आधी बोललीस ते बरं झालं.’ तो गेला. वाईट वाटलं, बरेच दिवस वाटलं.

यंदा जानेवारीत शेतात मालदांडीचा हुरडा भाजताना मी घरच्यांना मोहरमबद्दल विचारलं. आजोबा पिराला नक्की कशासाठी जायचे? लहानपणापासून बघितलेली गोष्ट, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, कारण ती आमच्याच घरची रीत होती. आईने सांगितलं, की तिच्या जन्माआधी दोन मुलं गेली होती आणि आजोबांनी पिराला नवस बोलला होता. म्हणजे माझी आई, आणि तिच्यामागून मी, त्या नवसातून आलेलो. हे मी त्याला मेसेज करून कळवलं, कारण मलिद्यात तूप किती असतं हे विचारणारा तो पहिला होता. त्याने लगेच उत्तर दिलं, ‘आणि नवस फेडला कधी, किती वर्षं?’ ते अजून आईला विचारायचं राहिलंय.